गिऱ्हाइकं एकमेकांशी बोलू लागतात तेव्हा

दुकानदाराने नेहमीच्या गिऱ्हाइकांचा व्हॉट्सॲप ग्रुप काढला की पुढे काय होतं, हे आता बहुतेकांनी पाहिलेलं आहे. दिवाळीच्या तोंडावर बिलबुकातले तीन-चारशे नंबर एका दमात ग्रुपमध्ये घातले जातात. पहिल्या दिवशी स्वागत होतं, दुसऱ्या दिवशी ऑफर येते, तिसऱ्या दिवशी नव्या मालाचे वीस फोटो. कोणीतरी गुलाबाच्या चित्राखाली सुप्रभात लिहितं, कोणीतरी एक लांबलचक फॉरवर्ड टाकतं. महिन्याभरात तिथे एकटा दुकानदार बोलत असतो. सदस्यांचा आकडा मात्र फारसा घटत नाही आणि इथेच फसगत होते. व्हॉट्सॲपने २०२२ मध्ये अशी सोय केली की ग्रुप सोडल्याची सूचना फक्त ॲडमिनला जाते. पण अशा ग्रुपचा ॲडमिन म्हणजे तोच दुकानदार, ज्याच्याकडे उद्या परत जायचं असतं. त्यामुळे माणसं ग्रुप सोडत नाहीत, म्यूट करतात. ते दुकानदाराला कधीच कळत नाही आणि चारशे गिऱ्हाइकं आपलं ऐकत आहेत अशा समजुतीत तो रोज नवी ऑफर टाकत राहतो.

याचं खापर सहसा ऑफरच्या संख्येवर फोडलं जातं. रोज टाकू नका, आठवड्यातून दोनदा टाका, मधूनमधून एखादा सुविचार टाका, असे सल्ले दिले जातात. माझ्या मते दोष संख्येत नाही, रचनेत आहे. ज्या ग्रुपमध्ये एक विक्रेता आणि बाकी सगळे ऐकणारे आहेत, तो ग्रुप कितीही शहाणपणाने चालवला तरी सूचनाफलकच राहतो. गिऱ्हाइकांचा गट जिवंत राहतो तो गिऱ्हाईक आणि दुकान यांच्यातल्या संवादावर नाही. गिऱ्हाईक आणि गिऱ्हाईक यांच्यातल्या संवादावर तो तगतो. गिऱ्हाइकांना एकमेकांशी बोलायला काही कारण असेल तरच गट काढावा. कारण नसेल तर ब्रॉडकास्ट लिस्ट किंवा चॅनल पुरतं, आणि ते अधिक प्रामाणिकही असतं: तिथे आपल्याला माहिती पाठवली जाते आहे हे समोरच्याला ठाऊक असतं, आणि त्याचा नंबर अनोळखी माणसांच्या हाती पडत नाही.

या म्हणण्याला अभ्यासाचा आधार आहे. अल्बर्ट मुनीझ आणि थॉमस ओग्विन या दोन अमेरिकी अभ्यासकांनी फोर्ड ब्रॉन्को, मॅकिंटॉश आणि साब वापरणाऱ्या लोकांचं निरीक्षण करून २००१ मध्ये एक निबंध प्रसिद्ध केला. एकाच कंपनीचा माल घेणारी माणसं खरोखर समुदाय केव्हा बनतात, हा त्यांचा प्रश्न होता. त्यांना तीन खुणा आढळल्या. ही माणसं एकमेकांना आपल्यातली मानतात. त्यांच्या काही ठरलेल्या रीती असतात, उदाहरणार्थ रस्त्यात तीच गाडी दिसली की हात करणं. आणि तिसरी खूण म्हणजे एकमेकांना मदत करणं ही त्यांना आपली जबाबदारी वाटते. या तिन्ही खुणा गिऱ्हाइकांच्या आपसातल्या आहेत. कंपनीवरचं प्रेम त्यात आहे, पण ते एका समान कामातून आणि आवडीतून आलेलं आहे. हार्ले-डेव्हिडसनने १९८३ मध्ये आपल्या मोटरसायकलस्वारांचा संघ काढला, तेव्हा विक्रेत्यांच्या आधाराने गावोगाव शाखा निघाल्या. पण त्या शाखांमध्ये प्रत्यक्षात घडायचं काय, तर माणसं एकत्र जमून लांबच्या फेरीला निघायची. कंपनीतली माणसंही त्यांच्याबरोबर गाडी चालवायची. आपल्याकडे सत्तरच्या दशकात दिनकर गांगल आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ग्रंथाली उभी केली, तीही वाचक चळवळ म्हणून. ‘बलुतं’सारखं पुस्तक १९७८ मध्ये तिथून बाहेर आलं, ते ‘ग्राहक’ या शब्दात न मावणाऱ्या वाचकांच्या जाळ्यात आलं. पुस्तक विकत घेणं हे त्या नात्याचं एक टोक होतं; वाचणं आणि त्यावर बोलणं हे दुसरं.

यावरून एक कसोटी निघते. वस्तू विकत घेतल्यानंतर गिऱ्हाइकाला तिच्याबाबतीत काहीतरी करत राहावं लागतं का, आणि त्या कामात दुसऱ्या गिऱ्हाइकाचा अनुभव उपयोगी पडतो का? मिठाईच्या दुकानाचं उत्तर बहुधा नाही असं येईल. पेढे खाल्ले की विषय संपला. हातमागाच्या साड्यांच्या दुकानाचं उत्तर हो असू शकतं, कारण साडी धुणं, ठेवणं, रफू करणं, ती खरी हातमागाची आहे का हे ओळखणं, हे सगळं नंतर चालूच असतं. सायकलींचं दुकान, शिवणयंत्रांचा विक्रेता, लहान मुलांची पुस्तकं विकणारा, लाकडी घाण्याचं तेल विकणारा, अशा प्रत्येकाचं उत्तर वेगळं येईल. गटाचा विषय दुकानाच्या मालातून घेऊ नये. तो माल घरी नेल्यावर गिऱ्हाइकाला जे काम करावं लागतं, त्यातून घ्यावा. गटाचं नावही त्या कामावरून पडावं.

हे प्रत्यक्षात कसं उतरतं ते पाहण्यासाठी पुण्यासारख्या शहराच्या कडेला असलेली एक मध्यम आकाराची रोपवाटिका डोळ्यांसमोर आणू. उदाहरण कल्पित आहे, पण अशा रोपवाटिका प्रत्येक शहरात आहेत. तिच्या वहीत सुमारे दीड हजार गिऱ्हाइकांचे नंबर आहेत. रोप विकलं की काम संपत नाही, खरं तर तिथूनच ते सुरू होतं: कुंडी, माती, पाणी, ऊन, कीड. म्हणजे कसोटी पूर्ण होते. आता मालकाने दीड हजार नंबर उचलून ग्रुपमध्ये टाकायचे का? मुळीच नाही. त्याने चाळीस माणसं निवडायची, आणि ती सर्वांत जास्त पैसे खर्च करणारी माणसं असतीलच असं नाही. बंगल्याची बाग एकदाच करून घेणारा गिऱ्हाईक मोठं बिल करतो, पण त्याची बाग माळी सांभाळतो. त्याला गटात बोलायला काही नसतं. उलट वर्षात चार वेळा येऊन साठ-सत्तर रुपयांची रोपं नेणारी, ‘मागच्या वेळची शेवंती का गेली?’ असं विचारणारी, फोनमध्ये आपल्या गच्चीचे फोटो दाखवणारी बाई ही खरी सदस्य. निष्ठा मोजायची ती परत येण्यावरून आणि प्रश्न विचारण्यावरून. बिलाच्या रकमेवरून ती कळत नाही.

या चाळीस जणांना ग्रुपमध्ये परस्पर घालायचं नाही. प्रत्येकाशी दुकानात किंवा फोनवर बोलायचं आणि तीन गोष्टी स्पष्ट सांगायच्या. गट गच्चीवरच्या आणि गॅलरीतल्या बागेबद्दल आहे. तुमचा नंबर बाकीच्यांना दिसेल. आणि तुम्हाला बोलावलं आहे ते अमुक कारणासाठी. पहिल्या दोन गोष्टी संमतीच्या आहेत. २०२३ च्या डिजिटल व्यक्तिगत माहिती संरक्षण कायद्याचं मूळ सूत्रच असं आहे की माणसाने ज्या कामासाठी माहिती दिली त्याच कामासाठी ती वापरावी. बिलासाठी दिलेला नंबर चाळीस अनोळखी माणसांपुढे उघडा करणं हे वेगळं काम झालं, आणि विशेषतः बायकांना त्याचा काय त्रास होऊ शकतो हे सांगायला नको. तिसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे आणि बहुतेक जण ती विसरतात. ‘तुमच्याकडे कुंडीतल्या लिंबाला फळं धरली आहेत, आमच्या बऱ्याच गिऱ्हाइकांना ते जमत नाही, म्हणून तुम्ही हवे आहात,’ असं म्हटल्यावर माणूस गटात येतो तो काहीतरी देण्यासाठी. अमेरिकेत मूव्हीलेन्स या चित्रपटविषयक संकेतस्थळावर झालेल्या प्रयोगांत, तुमच्याकडे जे आहे ते इतरांकडे नाही असं सदस्यांना सांगितलं तेव्हा त्यांचा सहभाग वाढला. सर्वसाधारण आवाहनाने माणसं हलत नाहीत. नेमकं कारण दिलं की हलतात.

चाळीसच का, हा प्रश्न रास्त आहे. याकोब नील्सन यांनी २००६ मध्ये मांडलेलं एक ढोबळ प्रमाण या क्षेत्रात वारंवार सांगितलं जातं: मोठ्या ऑनलाइन समुदायात शंभरातले नव्वद नुसतं वाचतात, नऊ अधूनमधून बोलतात आणि एकच जण सतत लिहितो. हे प्रमाण वाचून बरेच जण उलटा निष्कर्ष काढतात, की बोलणारे हवे असतील तर हजार माणसं गोळा करा. पण छोट्या आणि ओळखीच्या गटात हे प्रमाण खूप बदलतं, कारण चाळिसांत आपण गप्प राहिलो तर जाणवतं आणि बोललो तर ऐकलं जातं. हजारांत दोन्ही होत नाही. शिवाय ब्रायन बटलर यांनी ईमेल गटांवर केलेल्या अभ्यासात आकाराची दुसरी बाजू दिसली: गट मोठा असला की नवे सदस्य जास्त येतात, पण असलेले निघून जाण्याचं प्रमाणही वाढतं. व्हॉट्सॲप ग्रुपमध्ये १०२४ माणसं मावतात, ही तंत्राची मर्यादा आहे, उद्दिष्ट नव्हे. चाळीस जणांत बोलण्याची सवय रुजली की दर महिन्याला पाच-सात माणसं वाढवावीत, आणि शक्यतो जुन्या सदस्यांनी सुचवलेली. दीडशेच्या आसपास गेलं आणि संध्याकाळी साठ-सत्तर मेसेज साचू लागले, की भाजीपालावाल्यांचा एक आणि फुलझाडंवाल्यांचा एक असे दोन गट करावेत.

सुरुवातीचे दोन-तीन महिने सगळं ठरवतात, आणि त्यातही एक गोष्ट: पहिल्यांदा बोलणाऱ्याला उत्तर मिळतं की नाही. यूजनेट या जुन्या चर्चागटांवर कार्नेगी मेलन विद्यापीठातल्या संशोधकांनी २००६ च्या सुमारास जे काम केलं, त्यात असं दिसलं की चारातल्या एकाहून अधिक मेसेजना कोणीच उत्तर दिलं नव्हतं. नवख्यांच्या वाट्याला उत्तर आणखी कमी येत होतं. आणि ज्या नवख्याला उत्तर मिळालं तो पुन्हा लिहिण्याची शक्यता जास्त होती. आपल्या रोपवाटिकेच्या गटात हे कसं दिसेल? एका सदस्याने जास्वंदीच्या शेंड्याचा फोटो टाकला आणि विचारलं, ‘हा पांढरा कापूस कसला?’ रोपवाटिकेच्या मालकाला उत्तर एका नजरेत कळतं: पिठ्या ढेकूण. त्याने लगेच उत्तर दिलं तर प्रश्न सुटतो आणि संवाद तिथेच संपतो, कारण तज्ज्ञ बोलल्यावर बाकीचे गप्प बसतात. त्याने हे उत्तर दोन-तीन तास धरून ठेवावं. मधल्या वेळात कोणी बोललं नाही तर ज्या सदस्याच्या जास्वंदीला गेल्या वर्षी हाच त्रास झाला होता, तिचं नाव घेऊन विचारावं, ‘ताई, तुम्ही काय केलं होतं?’ ती लिहील: आधी पाण्याचा जोराचा फवारा मारून कीड धुऊन काढली, जास्त लागलेले शेंडे कापून टाकले, मग लिटरभर पाण्यात पाच मिली निंबोळी तेल आणि थोडा द्रव साबण मिसळून आठवड्याच्या अंतराने तीनदा संध्याकाळी फवारलं. मालकाने शेवटी येऊन एवढीच भर घालावी की झाडावर मुंग्यांची ये-जा असेल तर तिचाही बंदोबस्त करा, कारण गोड चिकट द्रवासाठी मुंग्या या किडीला सांभाळतात आणि एका फांदीवरून दुसरीकडे नेतात. उत्तर तेच मिळालं, पण आता त्या गटात एक जाणकार ताई तयार झाल्या, आणि पुढचा प्रश्न थेट त्यांना विचारला जाईल. मात्र कोणताही पहिला प्रश्न दिवस मावळेपर्यंत अनुत्तरित राहता कामा नये. कोणीच पुढे आलं नाही तर मालकाने उत्तर द्यावंच.

गट चालता ठेवण्यासाठी रोज काहीतरी टाकावं लागतं, ही समजूत खोटी आहे. रोज टाकण्याच्या ओझ्यातूनच सुविचार आणि फॉरवर्ड येतात. बागेला स्वतःचं पंचांग आहे आणि ते गटाला पुरेसं खाद्य देतं. जूनमध्ये कुंड्यांची भोकं मोकळी आहेत का, ताटल्यांत पाणी साचतंय का, मुळं कुजू लागल्याची पहिली खूण कोणती, हे प्रश्न आपोआप येतात. पाऊस सरला की गुलाबाची छाटणी आणि मेथी-पालकाची पेरणी, थंडीत शेवंतीवरचा मावा, मार्चपासून हिरवी जाळी, आच्छादन आणि सकाळचं पाणी. मालकाने आठवड्याला एकच ठरलेली गोष्ट करावी, समजा शनिवारी सकाळी ‘या आठवड्यात काय बिघडलं?’ एवढाच प्रश्न. ‘तुमची सुंदर फुलं दाखवा’ असं विचारू नये असं मी मुद्दाम म्हणतो. फुलांचे फोटो आले की त्याखाली अंगठे आणि ‘मस्त’ एवढंच येतं, आणि ज्याची झाडं मरताहेत तो आणखी गप्प होतो. बिघाडावर मात्र प्रत्येकाला सांगण्यासारखं असतं. याशिवाय दोन-तीन महिन्यांतून एकदा रविवारी सकाळी रोपवाटिकेत प्रत्यक्ष भेट ठेवावी, जादा बी आणि फांद्यांची अदलाबदल करण्यासाठी. ज्यांनी एकमेकांना पाहिलं आहे त्यांची गटातली भाषाही बदलते. एकदा भेटलेल्या माणसाला कोणी सहसा तिरकस उत्तर देत नाही.

इथे व्यवहारी वाचक थांबवेल आणि विचारेल, फांद्यांची अदलाबदल करून दिली तर रोपं विकायची कोणाला? हा आक्षेप गंभीर आहे आणि त्याला खोटा दिलासा देण्यात अर्थ नाही. ईबे कंपनीच्या जर्मनीतल्या लाखाहून अधिक ग्राहकांवर वर्षभर झालेला एक प्रयोग २०१० मध्ये प्रसिद्ध झाला. काही ग्राहकांना कंपनीच्या समुदायात येण्याचं आमंत्रण दिलं, काहींना दिलं नाही आणि दोघांच्या वागण्याची तुलना केली. आमंत्रणाने सहभाग वाढला. पण त्या सहभागाने ग्राहकांचा खर्च वाढला नाही, उलट घटला. संशोधकांनी त्याचा अर्थ असा लावला की एकमेकांकडून शिकल्यामुळे ही माणसं अधिक चोखंदळ झाली. तेव्हा ‘ग्रुप काढा, विक्री वाढेल’ असं जो छातीठोक सांगतो, त्याच्यावर विश्वास ठेवू नये. मनीप्लांट आणि तुळशीची रोपं गटातल्या माणसांना विकली जाणार नाहीत, हे रोपवाटिकेच्या मालकाने धरूनच चालावं.

मग त्याला मिळतं काय? बाग सोडून देणारा माणूस हे रोपवाटिकेचं खरं नुकसान आहे. पहिल्या वर्षी दहा रोपं नेली, सात मेली, की माणूस ‘आपल्या हाताला यश नाही’ म्हणत कुंड्या उलट्या घालतो आणि पुन्हा कधी येत नाही. ज्याची सात जगतात तो पुढच्या वर्षी माती, खत, मोठ्या कुंड्या आणि अवघड रोपं घ्यायला येतो. गट ही गळती कमी करू शकतो. दुसरं, आपल्या मालात काय बिघडतं हे मालकाला कळतं. एकाच आठवड्यात पाच जणांची एकाच खेपेतली कढीपत्त्याची रोपं पिवळी पडली, तर दोष गिऱ्हाइकांच्या हातात नसून त्या खेपेतल्या मातीत किंवा मुळांत आहे, हे एरवी त्याला कधी समजलंच नसतं. पाच माणसं पाच दुकानं बदलून गप्प बसली असती. तरीही हा सगळा फायदा दर महिन्याच्या हिशेबात दिसत नाही. ज्याला तो लगेच दिसायला हवा आहे, त्याने जाहिरातीवर पैसे खर्च करावेत आणि गटाच्या भानगडीत पडू नये.

अशा तक्रारीच्या वेळी गटाची खरी परीक्षा होते. पाच जणांनी पिवळ्या पानांचे फोटो टाकले की पहिली ऊर्मी असते मेसेज काढून टाकण्याची, कारण ॲडमिनला तो अधिकार आहे. दुसरी ऊर्मी असते प्रत्येकाला खासगीत गाठून शांत करण्याची. दोन्ही चुकीच्या. दोष गटात मांडला गेला, तर कबुली आणि उपायही गटातच यायला हवा: ही खेप खराब होती, ज्यांनी नेली त्यांना बदलून मिळेल, येताना जुनं रोप मुळांसकट आणा म्हणजे कारण शोधता येईल. पैशांची देवघेव आणि एकेकट्याचा वाद तेवढा बाहेर बोलावा. ज्या गटात वाईट बोलता येत नाही, तिथे चांगलं बोललेलंही कोणी खरं मानत नाही.

आता जाहिरातीचं काय? ती अजिबात नको, असं माझं म्हणणं नाही. नवी कलमं आली आहेत हे जाणून घ्यायला बागवाल्या माणसाला आवडतंच. पण तिची जागा वेगळी असावी. व्हॉट्सॲपवर कम्युनिटी काढली की तिच्यात सूचनांचा वेगळा गट मिळतो, तिथे फक्त ॲडमिन लिहितात. मालाच्या बातम्या तिथे जाव्यात. गप्पांच्या गटात मालाचं नाव फक्त प्रश्नाचं उत्तर म्हणून यावं, आणि बाजारात दुसरीकडे तीच वस्तू बरी मिळत असेल तर तेही सांगावं. याहून नाजूक गोष्ट म्हणजे दडपण. ‘आमच्याबद्दल दोन चांगले शब्द लिहा’, ‘प्रत्येकाने दोन मित्र आणा’ ही मागणी ऑफरपेक्षा जास्त घात करते. युरोपातल्या मोटारक्लबांच्या सदस्यांवर रेने आल्गेसहाइमर आणि सहकाऱ्यांनी केलेला अभ्यास २००५ मध्ये आला. क्लबशी आपलेपणा वाटणं हे सहभागाला पोषक होतं, पण त्याच आपलेपणातून जेव्हा अमुक वागलंच पाहिजे असं दडपण तयार झालं, तेव्हा माणसं मागे सरू लागली. नेहमीचं गिऱ्हाईक भिडेखातर एकदा लिहून देतं, आणि त्यानंतर दुकानदाराचा मेसेज आला की तो न उघडता ठेवतं.

गट ठीक चालला आहे की नाही, हे मेसेजच्या संख्येवरून कळत नाही. त्यासाठी महिनाअखेरीस अर्धा तास काढून वहीत चार आकडे लिहावेत: किती प्रश्न विचारले गेले, त्यांतल्या किती प्रश्नांना मालकाऐवजी दुसऱ्या सदस्याने आधी उत्तर दिलं, किती वेगवेगळी माणसं बोलली, आणि किती प्रश्न तसेच राहिले. समजा चाळीस जणांच्या गटात पहिल्या महिन्यात पंधरा प्रश्न आले आणि त्यांतल्या बारांना मालकानेच आधी उत्तर दिलं. सुरुवातीला हे चालेल. चौथ्या महिन्यात बावीस प्रश्नांपैकी बारा सदस्यांनी सोडवले आणि अठरा माणसं बोलली, तर गट उभा राहिला असं समजावं. सहाव्या महिन्यात प्रश्न तीस झाले पण बोलणारे सहाच उरले, तर वरवर गजबज असूनही काहीतरी बिघडलं आहे. बहुधा दोघे-तिघे उत्साही सदस्य गटावर पसरलेले असतात आणि बाकीचे संकोचलेले. अशा वेळी त्या उत्साही माणसांना गप्प करू नये. त्यांतल्या एकाला दुसरा ॲडमिन करावं आणि नवख्यांचं उत्तर राहिलं का हे पाहण्याचं काम द्यावं. गप्प बसलेल्यांपैकी पाच जणांना महिन्यातून एकदा फोन करावा. त्यांतले काही सांगतील की आम्ही रोज वाचतो, उपयोग होतो. नुसतं वाचणारा सदस्य मेलेला नसतो, आणि त्याला बोलतं करायची सक्ती नसावी.

फॉरवर्ड, राजकारण आणि सुप्रभात यांना सुरुवातीलाच मनाई करावी, आणि ती एका ओळीत लिहावी: बागेखेरीज काही नाही. कोणी चुकलं तर पहिल्यांदा खासगीत सांगावं, दुसऱ्यांदा मेसेज काढावा. सदस्याने टाकलेल्या आक्षेपार्ह मजकुरासाठी आपल्याला तुरुंगात जावं लागेल, अशी भीती अनेक ॲडमिनना असते. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये स्पष्ट केलं आहे की संगनमत किंवा पूर्वनियोजित कट नसेल, तर केवळ ॲडमिन आहे म्हणून कोणावर सदस्याच्या मजकुराची फौजदारी जबाबदारी येत नाही. तरी शिस्त हवीच, आणि ती कायद्यासाठी नाही. एका भांडणात सहा महिन्यांची जमलेली बैठक मोडते म्हणून हवी.

शेवटचा आक्षेप वेळेचा. छोट्या दुकानदाराला हे सगळं करायला सवड कुठे आहे? पहिले तीन महिने रोज अर्धा तास द्यावा लागतो, आणि तो ज्याला रोपांची, साड्यांची किंवा सायकलींची खरी जाण आहे त्यानेच द्यायचा असतो; बाहेरच्या कोणाला पगार देऊन हे काम होत नाही, कारण त्याला पिठ्या ढेकूण ओळखता येत नाही. नंतर वेळ कमी लागतो, पण तो शून्यावर कधीच येत नाही. ज्यांना तो देणं शक्य नाही त्यांनी ब्रॉडकास्ट लिस्ट ठेवावी. तिचे मेसेज ज्यांनी आपला नंबर फोनमध्ये साठवला आहे त्यांनाच पोहोचतात, म्हणजे संमतीची एक चाळणी तिच्यात आधीच आहे. आणि ज्यांना गट काढायचाच आहे त्यांनी आधी महिनाभर काउंटरवर एक वही ठेवावी. माल घरी नेल्यानंतर गिऱ्हाइकं काय विचारायला परत येतात, तो प्रत्येक प्रश्न तिच्यात लिहावा आणि त्यापुढे असं एक नाव लिहावं, ज्या गिऱ्हाइकाला त्याचं उत्तर ठाऊक आहे. दहा प्रश्नांपुढे दहा नावं लिहिता आली, तर पहिले फोन त्या दहा जणांना करा.